आजी स्वप्नात जर्मन का बोलली?

‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’ असे आपण सहज म्हणून जातो; परंतु जे मनात वसलेले असते ते स्वप्नात कोणत्या घरात दिसते आणि कोणत्या भाषेत बोलते, याविषयी ही म्हण काहीच सांगत नाही. जर्मनीत ब्रेमेन येथे राहू लागल्यापासून मला हा प्रश्न सतत पडत आला आहे. औंधच्या ब्रेमेन चौकामुळे या शहराचे नाव पुणेकरांना परके नाही. फर्ग्युसन रस्त्यावरील रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकताना मलाही ते परके वाटले नव्हते. तरीही झोपेत मला जे घर दिसते ते नारायण पेठेतले असते, आणि तेही आज तिथे उभ्या असलेल्या इमारतीतले आमचे दोन खोल्यांचे घर नव्हे, तर ती इमारत बांधण्यासाठी पाडलेला जुना वाडा असतो. दिंडीदरवाजातून वाकून आत शिरणे, फरसबंद चौक, डाव्या हाताचा हौद, आणि मधल्या पायरीशी अंधार असणारा अरुंद लाकडी जिना हे सारे जसेच्या तसे असते.

अशी स्वप्ने मी गेली काही वर्षे एका वहीत लिहून ठेवते. उशाशी वही असते, आणि जाग आल्यावर अंग न हलवता, घरातल्या कुणाशी एक शब्दही न बोलता मी आधी लिहिते. असे करण्याला कारण आहे. जागे होताच नवऱ्याशी मराठीत बोलले, तर स्वप्नातले सारे संवाद आठवणीत मराठीच होऊन बसतात. मुलीला शाळेसाठी उठवताना जर्मन कानावर पडले, तर उलट घडते. शिवाय स्वप्नातले बहुतेक बोलणे शब्दांनी नव्हे, तर नुसत्या आशयाने लक्षात राहते. अमुक माणसाने रागावून काहीतरी विचारले एवढेच कळते, आणि भाषा आपण जागेपणी भरतो. म्हणून ज्या वाक्याचे नेमके शब्द कानात उरलेले असतात, तेवढ्याच वाक्याची भाषा मी नोंदवते. बाकीच्या ठिकाणी भाषेची जागा कोरी ठेवते. भाषेविषयी विश्वास ठेवण्याजोग्या नोंदी त्यामुळे फार थोड्या उरतात, पण त्या खऱ्या असतात.

त्यांतली एक नोंद सविस्तर सांगण्यासारखी आहे. त्या स्वप्नात मी दिंडीदरवाजातून आत आले, तर चौकात आजी उभी होती. नऊवारी, हातात तांदूळ निवडायचे सूप, सारे तिच्या नित्याच्या सवयीचे. तिने माझ्या पायांकडे पाहिले आणि स्वच्छ जर्मनमध्ये म्हणाली, “शूए आउस, बिट्टे.” आधी बूट काढ, असा त्याचा अर्थ. मी बूट काढले, हौदावर पाय धुतले आणि जिना चढू लागले. आजीच्या तोंडी जर्मन आले याचे मला तिथे तीळमात्र आश्चर्य वाटले नाही. आजी चौथीपर्यंत शिकलेली होती, आणि पुण्याबाहेर पंढरपूर व नाशिक सोडल्यास फारशी कुठे गेली नव्हती.

आश्चर्य न वाटण्याचे कारण झोपेच्या अभ्यासकांनी बरेचसे उलगडलेले आहे. १९५३ साली शिकागो विद्यापीठात युजीन अ‍ॅसेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी झोपेची एक अवस्था प्रथम वर्णिली, जिच्यात मिटलेल्या पापण्यांआड बुबुळे वेगाने हलतात. बरीचशी ठसठशीत स्वप्ने या अवस्थेतली असतात. तेव्हा भावनांशी निगडित असलेले मेंदूचे भाग जोरात काम करत असतात, आणि तर्क व पडताळणी करणारा कपाळामागचा भाग मंदावलेला असतो. त्यामुळे आजीचे प्रेम, तिचा धाक आणि तिला पाहून गळ्याशी आलेला आवंढा हे सारे पूर्ण जोरात जाणवते, पण ‘ही जर्मन कशी बोलते?’ असे विचारणारे मनात कुणी जागे नसते. ही अवस्था साधारण दीड तासाच्या अंतराने रात्रीतून पुन्हापुन्हा येते आणि पहाटेकडे अधिकाधिक लांबत जाते. पहाटेची स्वप्ने खरी होतात असे आजी म्हणत असे. ती खरी होतात की नाही ते मी सांगू शकत नाही, पण ती सर्वांत लांब असतात आणि आठवतातही, कारण त्यांच्यातूनच आपण थेट जागे होतो. ब्रेमेनमध्ये पहाटेचे पाच वाजतात तेव्हा पुण्यात उन्हाळ्यात साडेआठ आणि हिवाळ्यात साडेनऊ झालेले असतात, म्हणजे मी वाड्यात फिरत असते त्या वेळी आईची पूजा आटोपत आलेली असते.

परंतु आजीला ते वाक्य मिळाले कुठून? वहीत मी स्वप्नाखालीच आदल्या दोन-तीन दिवसांतल्या घडामोडी लिहिते, आणि तिथे उत्तर सापडले. मुलगी तेव्हा बालवाडीत होती. तिला आणायला गेल्यावर दारातल्या शिक्षिकेने मला याच शब्दांत बूट काढायला सांगितले होते, कारण तिथे मुले जमिनीवर बसून खेळतात. आदल्या दिवसांतले असे सुटे तुकडे स्वप्नात येतात हे बहुतेकांना ठाऊक असते. माझ्या लक्षात आले ते त्या तुकड्याने शोधलेले ठिकाण. घराच्या उंबऱ्याशी उभे राहून “पायातलं काढ आधी” असे मला आयुष्यात सर्वप्रथम आणि सर्वाधिक वेळा जिने सांगितले, ती आजी होती. काम तेच होते, म्हणून नवे शब्द जुन्या माणसाच्या तोंडी जाऊन बसले.

याची उलट बाजूही वहीत आहे. आमच्या इमारतीत जिना पुसण्याची पाळी आठवड्याआठवड्याने घराघरांत फिरते, आणि तळमजल्यावरच्या वृद्ध शेजारीणबाई ती काटेकोरपणे सांभाळतात. त्यांनी एकदा माझी पाळी असल्याची आठवण मला केली, आणि त्याच आठवड्यात त्या वाड्यात आल्या. ओट्यावर, जिथे मालकीणबाई लसूण सोलत बसत, नेमक्या तिथे त्या बसल्या होत्या आणि अस्सल पेठेतल्या स्वरात म्हणाल्या, “अहो, या आठवड्यात जिना तुमच्याकडे आहे. लक्षात आहे ना?” त्यांना मराठीचा एक शब्दही येत नाही. पण मालकीणबाईंच्या जागेवर बसलेल्या बाईने मराठीच बोलायचे, असा त्या घराचा नियम असावा.

अनेकजण सांगतात की स्वप्नात माणूस जी भाषा जागेपणी बोलतो तीच बोलतो. माझ्या स्वप्नांमध्ये हे बहुतेक वेळा खरे ठरते: आई मराठी बोलते, कचेरीतले सहकारी जर्मन किंवा इंग्रजी बोलतात. जिथे हा नियम मोडतो, तिथे मला प्रत्येक वेळी एकच गोष्ट आढळली आहे, ती म्हणजे दोन्ही देशांत कुणीतरी माझ्यासाठी तेच काम करत असते. दार उघडणारी, उशीर झाल्याबद्दल विचारणारी, आजारपणात कपाळावर हात ठेवणारी माणसे भाषांची अदलाबदल करतात. बँकेतला कारकून किंवा ट्राममधला तिकीट तपासनीस मात्र कधीही मराठी बोललेला नाही, कारण वाड्यात त्याच्यासाठी जागाच नव्हती.

भाषा लवकर आत शिरते, घर मात्र फार उशिरा. कॅनडातील ओटावा विद्यापीठात जोसेफ डी कोनिंक यांनी फ्रेंच शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या झोपेचा अभ्यास केला होता. ज्यांची फ्रेंचमध्ये चांगली प्रगती झाली, त्यांच्या स्वप्नांत ती भाषा इतरांपेक्षा आधी उतरली होती. माझेही तसेच झाले. पहिल्या हिवाळ्यातच जर्मन वाक्ये स्वप्नात आली, पण ती सगळी नारायण पेठेतच बोलली जात होती. जागेविषयी लियाँ येथील झोपेचे संशोधक मिशेल जुवे यांनी १९७९ साली स्वतःच्या अडीच हजारांहून अधिक स्वप्नांच्या नोंदींवरून लिहिले आहे. प्रवासाला गेल्यावर नवा परिसर त्यांच्या स्वप्नांत लगेच येत नसे. त्याला आठवडाभर लागे, आणि तोवर स्वप्ने मागे सोडलेल्या ठिकाणीच घडत. गणपतीत भावाने लक्ष्मी रस्त्यावरच्या मिरवणुकीची चित्रफीत पाठवली, तेव्हा त्याच रात्री मला फक्त ताशाचा आवाज ऐकू आला. आठवडा उलटल्यावर मात्र मिरवणूक सबंध आली, आणि ती वाड्याच्या चौकातून जात होती. माझ्या बाबतीत ब्रेमेनचे घर स्वप्नात यायला आठवडा नव्हे, वर्षे लागली, आणि अजूनही ते आले तर त्याला वाड्याचा जिना असतो.

या स्वप्नांनंतरची सकाळ सोपी नसते. आजी गेली तेव्हा मी वेळेत पोहोचू शकले नाही, आणि स्वप्नात ती प्रत्येक वेळी जिवंत असते. डिसेंबरमध्ये इथे साडेआठपर्यंत उजाडत नाही. त्या काळोखात, आपण कुठे आहोत हे उमगेपर्यंतचे जे काही क्षण असतात, त्यांत मी तिला पुन्हा गमावते. तरीही ती स्वप्ने येऊ नयेत असे मला कधी वाटलेले नाही, कारण आजीचा आवाज जागेपणी आता मला नीट आठवत नाही. झोपेत तो अचूक असतो, मग शब्द जर्मन का असेनात.

मध्यंतरी हे सारे मी आईला फोनवर सांगितले. मला वाटत होते की ही परदेशी राहणाऱ्याची व्यथा आहे. आई शांतपणे म्हणाली, “अगं, मलाही तोच वाडा दिसतो. या फ्लॅटमध्ये इतकी वर्षं झोपतेय, पण हा एकदाही स्वप्नात आला नाही.” ज्या जमिनीवर वाडा होता त्याच जमिनीवर, तिसऱ्या मजल्यावर ती निजते, आणि रात्री माझ्याइतकीच दूर जाते. तेव्हापासून दर रविवारी आम्ही एकमेकींची स्वप्ने ताडून पाहतो. तिच्या स्वप्नात देवघर माजघराच्या पूर्वेला असते, माझ्या स्वप्नात जिन्याखाली. भावाकडे वाड्याची एकही आतली छायाचित्रे नाहीत. पाडण्याआधीचा नकाशा महापालिकेत दाखल केलेला असणार. तो मिळवण्यासाठी अर्ज करायचे आई आता म्हणते आहे, आणि देवघर पूर्वेलाच निघेल याविषयी तिच्या मनात जराही शंका नाही.