आमची वाटचाल : दाखल्यांच्या भाषांतरापासून करार ताडून पाहण्यापर्यंत

ठाण्यात नौपाड्यातल्या एका छोट्या गाळ्यात आमचं काम सुरू झालं ते मराठी टायपिंग आणि भाषांतराचं. परदेशी निघालेल्या मुलांचे जन्मदाखले, सातबारा, फेरफार, वारसदाखले, कधी एखादं मृत्युपत्र. श्रीलिपीत टाइप केलेला मजकूर युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरं आणि आकडे बिघडतात, म्हणून प्रत्येक पान मूळ कागदाशी ताडून बघायची सवय तेव्हाच लागली. एकानं मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं मूळ प्रतीवर बोट ठेवून चालायचं. आजही आमच्याकडे काम असंच होतं.

पुढे ठाण्यात जुन्या इमारतींचा पुनर्विकास जोरात सुरू झाला आणि सोसायट्यांचे विकसन करारनामे येऊ लागले. हे काम वेगळं आहे. नोंदणी बहुतेक वेळा इंग्रजी कराराची होते, पण सर्वसाधारण सभेत सभासदांच्या हाती मराठी प्रत दिली जाते. आयुष्याची कमाई ज्या घरात आहे ते घर पाडायला माणूस होकार देतो, तो मराठी मजकूर वाचून. आणि बहुतेक करारांच्या शेवटच्या पानांत एक कलम असतंच : मराठी भाषांतर केवळ सोयीसाठी आहे, दोन्हींत तफावत आढळल्यास इंग्रजी मजकूर ग्राह्य धरला जाईल. त्यामुळे सभासदाने वाचलेलं आणि त्याला बांधणारं, हे दोन वेगळे कागद असू शकतात. आमच्या धंद्याला खरी दिशा मिळाली ती या फटीत सापडलेल्या एका कलमामुळे.

बेचाळीस सभासदांची एक सोसायटी. विकासकाच्या बाजूनं इंग्रजी करार आला होता आणि त्याचं मराठी भाषांतरही त्यांनीच करून दिलं होतं. सोसायटीच्या कमिटीनं आम्हाला एवढंच सांगितलं, की दोन्ही प्रती जुळतात का ते बघून द्या. काम आमच्या ज्येष्ठ सहकारी बघत होत्या. त्या पूर्वी शाळेत शिकवायच्या, त्यामुळे ऑफिसात सगळे त्यांना बाईच म्हणतात.

बाईंची पद्धत ठरलेली. आधी मजकूर वाचायचाच नाही. नुसता सांगाडा बघायचा : कलमं किती, पोटकलमं किती, परिशिष्टं किती, कुठल्या कलमात दुसऱ्या कुठल्या कलमाचा हवाला आहे. मग आकडे, तारखा, क्षेत्रफळ. भाषा सगळ्यात शेवटी. भाषांतर चांगलं असलं की वाचणारा त्याच्या ओघात वाहून जातो आणि गाळलेलं किंवा घातलेलं काही त्याच्या लक्षात येत नाही, असं त्यांचं म्हणणं. माझा अनुभवही तोच आहे.

सांगाडा बघतानाच पहिली खूण मिळाली. कराराच्या सुरुवातीला व्याख्यांचं कलम असतं. मराठी प्रतीत व्याख्या तेवीस होत्या, इंग्रजीत चोवीस. जादा व्याख्या होती वास्तुविशारदाच्या पूर्णत्वाच्या दाखल्याची. इंग्रजीत व्याख्या अक्षरक्रमानं लावलेल्या असल्यामुळे ती वरच्या भागात बसली होती आणि तिच्याखालच्या सगळ्या व्याख्यांचे क्रमांक एकेकानं पुढे सरकले होते. तरीही भाड्याच्या कलमात, म्हणजे ९.४ मध्ये, दोन्ही प्रतींत एकच वाक्य होतं : कलम १.१७ मध्ये दिलेल्या ताबा दिनांकापर्यंत विकासक सभासदांना दरमहा भाडे देईल. मराठीत १.१७ म्हणजे ताबा दिनांकच होता. इंग्रजीत मात्र १.१७ वर मंजूर नकाशांची व्याख्या आली होती आणि ताबा दिनांक १.१८ वर गेला होता.

बाईंनी मला बोलावलं. "नंबर चुकलाय एवढंच असतं तर मी थांबले नसते. पण जी व्याख्या मराठीत नाहीच, ती इंग्रजीत कुणाला लागली, ते बघू या."

फार शोधावं लागलं नाही. मराठीतला ताबा दिनांक असा होता : भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावर विकासकाने सोसायटीला लेखी कळवल्यापासून पंधरा दिवस. इंग्रजीत त्याच वाक्यात भोगवटा प्रमाणपत्राच्या पुढे भर पडली होती : अथवा वास्तुविशारदाचा पूर्णत्वाचा दाखला, यांपैकी जे आधी मिळेल ते.

भाड्याच्या कलमाला कुणी हातही लावला नव्हता. रक्कम तीच, वाक्य तेच. बदल झाला होता आठ कलमं आधी, जिथे सभासद सहसा थांबत नाही. नुसतं भाड्याचं कलम शेजारी शेजारी ठेवून वाचलं असतं तर दोन्ही प्रती तंतोतंत जुळल्या असत्या.

फरक किती पडतो ते कमिटीला समजावं म्हणून आम्ही हिशेब मांडून दिला. वास्तुविशारदाचा दाखला हा विकासकानेच नेमलेल्या माणसाकडून येतो. इमारत बांधून झाली, एवढंच तो सांगतो. भोगवटा प्रमाणपत्र महापालिका देते, आणि त्याआधी अग्निशमन, लिफ्ट, पाणी, मलनिस्सारण अशा परवानग्या जमाव्या लागतात. या दोहोंत काही महिने सहज जातात. भोगवटा नसताना राहायला जाता येत नाही, म्हणजे त्या काळात सभासद भाड्याच्याच घरात. सरासरी तीस हजार भाडं धरलं तर बेचाळीस घरांचे महिन्याला १२ लाख ६० हजार. सहा महिने उशीर झाला, तर ७५ लाख ६० हजार रुपये सभासदांच्या खिशातून.

इथे भाषांतरकारानं काय करायचं नसतं, तेही सांगतो. मराठी प्रत इंग्रजीबरहुकूम गुपचूप दुरुस्त करायची नसते, आणि इंग्रजीला मराठीशी जुळवायचीही नसते. बरोबर कोणतं हे ठरवणारे आपण नव्हे. बाईंनी शेरापत्रकात तीन रकाने केले : मराठी मजकूर, इंग्रजी मजकूर, आणि या फरकाचा परिणाम ज्या कलमांवर होतो त्यांचे क्रमांक. तिसऱ्या रकान्यात भाडं तर होतंच. पण उशिराबद्दलचा दंड आणि सोसायटीकडे असलेली बँक हमी परत करण्याची मुदतही त्याच व्याख्येवर टांगलेली निघाली. कुणाच्या हेतूबद्दल एक शब्द लिहिला नाही.

सोसायटीच्या वकिलांनी ते पत्रक पुढे पाठवलं. विकासकाकडून उत्तर आलं, की ती भर नंतरच्या मसुद्यात पडली आणि मराठी भाषांतर आधीच्या मसुद्यावरून झालेलं होतं. ९.४ मधला न सरकलेला क्रमांक याला दुजोरा देतो. व्याख्या मागाहून घुसली होती हे त्यावरून उघडच होतं. ती का घुसवली, ते त्यांनी सांगितलं नाही. दोन बैठकांनंतर भर काढली गेली, व्याख्या पुन्हा तेवीस झाल्या आणि भाडं भोगवट्यापर्यंत चालू राहिलं.

त्या वकिलांनी पुढे स्वतःहून कामं पाठवली आणि करार ताडून पाहणं हा आमचा वेगळा विभाग झाला. याचे पैसे आम्ही शब्दांवर घेत नाही, कलमांवर घेतो, कारण वेळ जातो तो हवाले तपासण्यात. काम घेताना तीन गोष्टी मागतो : दोन्ही प्रतींवर मसुद्याची तारीख, सगळी परिशिष्टं, आणि भाषांतर कोणत्या मसुद्यावरून झालं याचं एका ओळीचं लेखी उत्तर. आणि नोंदणीच्या आदल्या दिवशी, सही होणारी शेवटची प्रत पुन्हा आमच्याकडे आणायची, ही अट आहे. तपासून दिलेल्या प्रतीवरच सही होईल असं धरून चालता येत नाही. हा शेवटचा फेरा आम्ही फुकट करतो. बाई सांगाडा घेऊन बसतात, मी मोठ्यानं वाचतो.