साठ हजारांचं भाडं बँक किती धरते?

ठाण्यात वर्तकनगरला भाड्याच्या गाळ्यात स्टेशनरी आणि झेरॉक्सचं दुकान चालवणारे एक काका आमच्या शाखेत आले, ते हिशोब मांडूनच. घोडबंदर रोडला मानपाड्याजवळ एका सोसायटीत तळमजल्यावरचा गाळा नव्वद लाखांना ठरला होता. आत एका पॅथॉलॉजी कंपनीचं कलेक्शन सेंटर, म्हणजे भाडं चालू. काकांच्या कागदावर लिहिलं होतं: कर्ज ७२ लाख, वीस वर्षं, साडेआठ टक्के, हप्ता साडेबासष्ट हजार, भाडं साठ हजार. "मॅडम, दुकान स्वतःच स्वतःला फेडतंय. वरचे अडीच हजार मी घालतो."

माझ्या टेबलावर असे कागद बरेच येतात आणि त्यांतला प्रत्येक आकडा घरकर्जातून उचललेला असतो. ऐंशी टक्के कर्ज, वीस वर्षांची मुदत, साडेआठचा दर हे सगळं काकांना त्यांच्या राहत्या घराच्या कर्जावरून माहीत होतं. घरकर्जात किती टक्के द्यायचं याची मर्यादा रिझर्व्ह बँकेने ठरवून दिली आहे. तीस लाखांपर्यंतच्या कर्जाला नव्वद टक्के, पंचाहत्तर लाखांपर्यंत ऐंशी, त्यावर पंचाहत्तर. शिवाय घरकर्जासाठी बँकेला भांडवलही कमी बाजूला ठेवावं लागतं, म्हणून दर खाली राहतो. माणूस बाकी सगळं थांबवेल, पण घराचा हप्ता चुकवणार नाही, असा त्यामागचा अनुभव आहे.

गाळ्याचं तसं नाही. धंदा बसला, भाडेकरू गेला की पहिला ताण गाळ्याच्याच हप्त्यावर येतो, आणि गाळा विकायला घरापेक्षा जास्त वेळ लागतो. त्यात आणखी एक भेद आहे. रिझर्व्ह बँकेच्या २००९च्या व्याख्येप्रमाणे, ज्या मालमत्तेवर कर्ज दिलं तिच्याच भाड्यातून किंवा विक्रीतून ते मुख्यतः फिटणार असेल, तर ते व्यापारी स्थावर मालमत्तेचं कर्ज ठरतं. तोच गाळा स्वतःच्या धंद्याला घेतला आणि धंद्याच्या कमाईतून फेडला, तर तो या वर्गात येत नाही. म्हणून आमचा पहिला प्रश्न असतो, "तुम्ही स्वतः बसणार, की भाड्याने देणार?" काकांना वाटलं, मी सहज चौकशी करते आहे.

आमच्याकडे या प्रकारात ६५ टक्क्यांपर्यंत कर्ज, जास्तीत जास्त पंधरा वर्षं, आणि त्या वेळी दर साडेदहा टक्के होता. हे आकडे बँकेगणिक थोडे बदलतात. कुठे ५५ टक्के देतात, कुठे ७० पर्यंत जातात. मात्र टक्केवारी कशावर लावायची ते सगळीकडे सारखंच असतं: करारातली किंमत आणि व्हॅल्युएशन, यांतली जी कमी ती.

व्हॅल्युअर लेझर मीटर घेऊन गेला. विकणाऱ्याने गाळा तीनशे चौरस फूट कार्पेट सांगितला होता आणि भाव चौरस फुटाला तीस हजार, म्हणून नव्वद लाख. महापालिकेने मंजूर केलेल्या नकाशात मात्र गाळा २७० फुटांचा निघाला. उरलेले तीस फूट म्हणजे शटरपुढचा ओटा. त्याला दोन्ही बाजूंनी ग्रिल लावून काचेचं दार बसवलेलं होतं. ती जागा इमारतीभोवती सोडायच्या मोकळ्या जागेतली, म्हणजे सोसायटीची. उद्या महापालिकेने नोटीस काढली तर पाडावी लागणार. व्हॅल्युअरने ती धरलीच नाही आणि किंमत लावली ८१ लाख. पोटमाळ्याचंही असंच होतं, नकाशात नसेल तर त्याची किंमत शून्य. गाळा बघायला जाताना मंजूर नकाशाची प्रत आणि मोजपट्टी दोन्ही बरोबर असाव्यात, असं मी प्रत्येकाला सांगते. टोकन देऊन झाल्यावर हे कळलं तर घासाघीस करायला जागा उरत नाही.

८१ लाखांचे ६५ टक्के म्हणजे ५२ लाख ६५ हजार. काकांच्या ७२ लाखांपैकी जवळपास वीस लाख इथेच गेले.

मग भाडं. साठ हजार हा आकडा त्यांनी कुठून घेतला, तर विकणाऱ्याच्या बँक स्टेटमेंटमधून. तिथे दर महिन्याला कंपनीकडून ५९,४०० रुपये जमा दिसत होते. नोंदणीकृत भाडेकरार उघडला तर मासिक भाडं ५५,०००. विकणारा जीएसटीत नोंदलेला असल्याने त्यावर १८ टक्के, म्हणजे ९,९०० लागत होते. आणि भाडं महिन्याला पन्नास हजारांच्या वर असल्याने कंपनी मूळ भाड्यावर दहा टक्के, म्हणजे ५,५०० टीडीएस कापत होती. ५५,००० अधिक ९,९०० वजा ५,५०० म्हणजे बरोबर ५९,४००. त्यातले ९,९०० सरकारचे, मालकाने गोळा करून भरायचे. कापलेले ५,५०० मालकाचेच, पण ते हाती येत नाहीत, रिटर्न भरताना वळते होतात.

स्टेटमेंटमध्ये दिसणारी रक्कम म्हणजे भाडं, हा समज फार महागात पडतो. काकांचं स्वतःचं दुकानही जीएसटीत नोंदलेलं आहे, त्यामुळे गाळा त्यांच्या नावावर आला की त्यांनाही हा कर लावून भरावा लागणारच. इथे आणखी एक खोच आहे. रोगनिदान सेवेला जीएसटी माफ असल्याने पॅथॉलॉजी कंपनीला या ९,९०० चं क्रेडिट मिळत नाही. तिच्या लेखी या गाळ्याचं भाडं ६४,९०० आहे. पुढची वाढ मागताना ती हाच आकडा समोर धरणार.

आता ५५,००० मधून बँक काय धरते ते पाहू. आधी मालकाने भरायचे खर्च वजा होतात. सोसायटीचा मेंटेनन्स ४,५०० आणि व्यापारी दराने मालमत्ता कर वर्षाला ३०,०००, म्हणजे महिन्याला २,५००. उरले ४८,०००. याचे आम्ही ७० टक्के धरतो, म्हणजे ३३,६००. तीस टक्के का सोडायचे, असं काकांनी जरा चिडूनच विचारलं. भाडेकरू गेला की गाळा दोन-चार महिने रिकामा राहतो, दलाली जाते, रंगरंगोटी होते, नवा भाडेकरू आपलं फर्निचर बसवायला एखादा महिना बिनभाड्याचा मागतो. हप्ता मात्र त्या काळातही चालू असतो. रोखीत मिळणारं किंवा नोंदणी न केलेल्या कराराचं भाडं तर आम्ही धरतच नाही.

यावर काका म्हणाले, "बरं, मग माझं आत्ताचं भाडं वाचेल ते धरा ना." वर्तकनगरच्या गाळ्याला ते महिना २८,००० देतात. मुद्दा चुकीचा नाही. स्वतःचं दुकान नव्या गाळ्यात हलवलं तर हे भाडं वाचतं, आणि त्यांच्या खतावणीत ते खर्च म्हणून वर्षानुवर्षं लागलेलं असल्याने आम्ही ते पूर्ण धरतो, सत्तर टक्के नाही. पण तेव्हा पॅथॉलॉजीचं भाडं शून्य होतं. एकाच गाळ्यातून वाचलेलं भाडं आणि आलेलं भाडं दोन्ही मोजता येत नाही. वाचणाऱ्या २८,००० मधून नव्या गाळ्याचे ७,००० खर्च वजा केले की २१,००० उरतात, आणि समोर ३३,६०० आहेत. शिवाय स्टेशनरीचं गिऱ्हाईक जवळच्या शाळांचं, ते मानपाड्याला येणार नाही. काकांनी भाड्याचाच पर्याय ठेवला.

कर भरून उरलेला नफा आणि घसारा मिळून काकांची कमाई महिना ८०,००० बसत होती. त्यात ३३,६०० मिळवले की १,१३,६००. सगळे हप्ते मिळून याच्या साठ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतात, म्हणजे ६८,१६०. घराचा २२,००० चा हप्ता आधीच चालू, म्हणून नव्या हप्त्याला उरले ४६,१६०. साडेदहा टक्के, पंधरा वर्षं, तर लाखाला हप्ता सुमारे १,१०५. कर्ज बसलं पावणेबेचाळीस लाख. काकूंचा शाळेतला पगार हातात ४२,००० येतो. त्यांना सहकर्जदार घेतल्यावर कमाईच्या बाजूने अडचण राहिली नाही, आणि ५२ लाख ६५ हजारांची मर्यादा तेवढी उरली. हप्ता ५८,२००.

खिशाचा हिशोब मी वेगळा मांडून दाखवला, कारण बँकेने कर्ज मंजूर करणं आणि ते झेपणं या दोन गोष्टी आहेत. ५५,००० मधून टीडीएस, मेंटेनन्स, मालमत्ता कर गेला की हाती ४२,५००. म्हणजे भाडेकरू नियमित असतानाही दर महिन्याला १५,७०० घरातून. आयकरात मुद्दलाची वजावट फक्त घराला मिळते, गाळ्याला नाही. व्याज मात्र भाड्यातून पूर्ण वजा होतं. मालमत्ता कर काढून वर्षाचं भाडं ६ लाख ३० हजार, त्यातून दुरुस्तीपोटी सरसकट तीस टक्के गेले की ४ लाख ४१ हजार, आणि पहिल्या वर्षाचं व्याज सुमारे साडेपाच लाख. म्हणजे सुरुवातीला या भाड्यावर कर लागत नाही आणि कापलेला टीडीएस बाकीच्या कराला वापरता येतो. उरलेला तोटा धंद्याच्या नफ्यातून वजा करायची सोय जुन्या कररचनेत आहे, दोन लाखांपर्यंत. नव्या रचनेत ती नाही.

सगळ्यात नाजूक जागा भाडेकराराची होती. छत्तीस महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स, त्यातले अकरा उरलेले, लॉक-इन संपलेला, दोन महिन्यांच्या नोटिशीवर कंपनी जाऊ शकत होती. त्यात गाळा विकला गेला की लायसन्सचा करार नव्या मालकाला आपोआप बांधत नाही. म्हणजे ज्या कागदाच्या जोरावर आम्ही ३३,६०० धरले, तो खरेदीखताच्या दिवशी निकामी व्हायचा. शिवाय कंपनीचं तीन लाखांचं डिपॉझिट विकणाऱ्याकडे होतं. ते परत द्यायची जबाबदारी पुढे काकांवर येणार आणि पैसे मात्र जुन्या मालकाकडे. ही रक्कम किमतीतून वळती करून घ्यायची आणि तसं करारात लिहायचं, हे दोन्ही बाजूंच्या दलालांना सुचलं नव्हतं.

ओट्याचा नकाशा दाखवल्यावर विकणारा ८४ लाखांवर आला. ८४ मधून कर्ज वजा जाता ३१ लाख ३५ हजार, सात टक्के मुद्रांक शुल्क ५ लाख ८८ हजार, नोंदणी फी ३०,०००. एकूण ३७ लाख ५३ हजार, त्यातून डिपॉझिटचे तीन लाख वजा. काकांच्या पहिल्या हिशोबात स्वतःचे पैसे साडेचोवीस लाख होते, आता साडेचौतीस लागले. वरचे दहा लाख मुदतठेवी मोडून आले. पन्नास लाखांच्या वरचा व्यवहार म्हणून विकणाऱ्याच्या रकमेतून एक टक्का, ८४,००० रुपये टीडीएस कापून भरायची जबाबदारी काकांचीच होती. त्याचं चलन आम्ही फाइलला लावून घेतलं.

मंजुरीपत्रात आम्ही एक अट घातली: काका आणि कंपनी यांच्यातला नवा करार, पाच वर्षांचा, पहिली तीन वर्षं लॉक-इन, भाडं थेट आमच्या शाखेतल्या खात्यात. कंपनीच्या कायदा विभागाने तीन वर्षांच्या लॉक-इनला बरेच दिवस घोळवलं आणि शेवटी दोन वर्षांवर तयार झाली. आम्ही ते मान्य केलं. खरेदीखत आणि नवा भाडेकरार एकाच दिवशी नोंदवले गेले. दोन्हींच्या पावत्या हातात आल्यावर विकणाऱ्याच्या नावाचा डिमांड ड्राफ्ट दिला.