रिकव्हरी बदलली, पण हप्ता हलला नाही

त्या दिवशी एका युरोपीय बँकेच्या सबऑर्डिनेटेड कर्जावरील, म्हणजे बुडीत निघाल्यास परतफेडीच्या रांगेत मागे राहणाऱ्या कर्जावरील, पाच वर्षांच्या सीडीएसचा हप्ता आम्हाला काढायचा होता. सीडीएस म्हणजे कर्ज बुडाल्यास नुकसान भरून देणारा, विम्यासारखा करार. या सीडीएसचा बाजारभाव मिळत नव्हता. त्याच बँकेच्या सीनियर, म्हणजे रांगेत पुढे असणाऱ्या, कर्जावरील सीडीएसचा भाव मात्र 300 बेसिस पॉइंट, म्हणजे संरक्षित रकमेच्या वर्षाला 3 टक्के, असा उपलब्ध होता.

कनिष्ठ सहकाऱ्याच्या तक्त्यात रिकव्हरी, म्हणजे बुडाल्यावर परत मिळणारा हिस्सा, 20 टक्के धरलेली होती. सबऑर्डिनेटेड कर्जासाठी बाजाराचा संकेत तोच आहे. तरीही उत्तर 300 बेसिस पॉइंटच आले. मी त्या जागी 40 टाकले, मग 10 टाकले. उत्तर तसूभरही हलले नाही. गफलत आहे हे मला तिथेच कळले.

हप्त्याचे ढोबळ सूत्र सोपे आहे:

s ≈ h × (1 − R)

यात s हा वार्षिक हप्ता, h हा हजार्ड रेट, म्हणजे तोवर तग धरलेली बँक पुढच्या वर्षभरात बुडण्याचा दर, आणि R ही रिकव्हरी. तक्ता आधी 300 ला 0.8 ने भागून हजार्ड रेट 3.75 टक्के काढत होता आणि नंतर त्याच 0.8 ने गुणत होता. दोन्हीकडे एकच रिकव्हरी असली की ती छेदून जाते आणि दिलेला भावच उत्तर म्हणून परत येतो.

वास्तविक, सीनियर भावातून हजार्ड रेट काढताना सीनियर कर्जाची नेहमीची 40 टक्के रिकव्हरीच वापरायला हवी. 3 टक्के भागिले 0.6, म्हणजे 5 टक्के. बँक एकच, तिचे बुडणेही एकच, म्हणून हा दर तसाच ठेवून त्याला 0.8 ने गुणायचे: 400 बेसिस पॉइंट. एक कोटी युरोच्या संरक्षणावर हा फरक वर्षाला एक लाख युरोंचा होतो. व्याजदर 3 टक्के धरला आणि बँक बुडाल्यावर हप्ते थांबतात हे लक्षात घेतले, तर पाच वर्षांत त्याचे आजचे मूल्य सुमारे 4.12 लाख युरो भरते.

चूक त्या मुलाची नव्हती. आमच्या प्रणालीत प्रत्येक कंपनीसाठी रिकव्हरीचा एकच रकाना होता. कर्जाच्या प्रकारानुसार वेगळा रकाना मागून आम्ही थकलो होतो, आणि याचा मला आजही राग येतो.

तरीही माझ्या 400 वर मी पूर्ण निश्चिंत नाही. फेब्रुवारी 2013 मध्ये नेदरलँड्स सरकारने एसएनएस रेआल या बँक-विमा समूहाचे सबऑर्डिनेटेड रोखे ताब्यात घेतले आणि सीनियर रोख्यांना हात लावला नाही. त्यानंतर सीडीएसच्या 2014 च्या करारव्याख्यांत सरकारी हस्तक्षेप ही स्वतंत्र पतघटना, म्हणजे भरपाई लागू करणारी घटना, झाली. म्हणजे केवळ सबऑर्डिनेटेड कर्जालाच लागू होणारी घटना घडू शकते, आणि तिचा अंश सीनियर भावातून काढलेल्या 5 टक्क्यांत नसतो. त्यामुळे 400 हा मी तळाचा आकडा मानला आणि अहवालातही तसेच लिहिले. त्यावर किती चढवायचे, हे ठरवण्याजोगा भाव त्या दिवशी माझ्यापाशी नव्हता.