फोल्डर आवरले आणि बिलिंग बंद पडलं

अमळनेरला आमचं किराणा दुकान आहे. गल्ल्यावर आप्पा बसतात. मी जळगावला शिकतो आणि सुट्टीत घरी आलो की कॉम्प्युटरवर बसतो. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या एप्रिलमध्ये, ८ तारखेच्या रात्री मी दुकानाचं बिलिंग 'नीट लावलं', आणि ९ तारखेला सकाळी ते उघडेना.

बिलिंगचं सॉफ्टवेअर जुनं आहे. धुळ्याच्या एकाने पंधराएक वर्षांपूर्वी बसवून दिलं होतं, त्याने आता हा धंदाच सोडलाय. सगळं `D:\BILLING` या एका फोल्डरमध्ये. आत `Billing.exe`, दर वर्षाचा एक डेटा फोल्डर (`DATA2526`, `DATA2425`, असे मागे `DATA1920` पर्यंत सात), आणि त्यांच्या भोवती व्यापाऱ्यांनी पाठवलेल्या पीडीएफ, एक्सेलच्या याद्या, `New folder`, `New folder (2)`, कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका. आप्पांना काही शोधून दे म्हटलं की दहा मिनिटं जायची.

एवढं मला माहीत होतं की `.exe` ला हात लावायचा नाही. तो मी लावला नाही. फक्त `DATA2526` चं नाव बदलून 'चालू वर्ष' केलं. जुन्या सहा फोल्डरांत प्रत्येकी एकच फाइल होती, `BILL.MDB`. त्या सहाही फाइली काढून 'जुनी वर्षं' नावाच्या एका फोल्डरमध्ये टाकल्या आणि रिकामे झालेले फोल्डर उडवले. नावं सारखी असल्यामुळे विंडोज विचारायचं, जुनी फाइल बदलू का दोन्ही ठेवू. नशीब, मी दर वेळी दोन्ही ठेवल्या. मग `BILL (2).MDB`, `BILL (3).MDB` असे आकडे लागत गेले. फोल्डर इतका स्वच्छ दिसत होता की मी त्याचा फोटोही काढला.

सकाळी साडेआठला आयकॉनवर दोनदा टिचकी मारली तर हे आलं:

```
Run-time error '3044':
'D:\BILLING\DATA2526\BILL.MDB' is not a valid path.
```

पुढे आणखी एक वाक्य होतं, त्यात 'server' हा शब्द होता. तेवढाच मी वाचला आणि इंटरनेट गेलं असेल म्हणून राउटर बंद-चालू केला. मग कॉम्प्युटर बंद-चालू केला. त्या दिवसातली माझी सगळ्यात मोठी चूक हीच. रात्री मी कॉम्प्युटर नुसता झोपवला होता. तोपर्यंत फोल्डरच्या खिडकीत `Ctrl+Z` दाबत गेलो असतो तर रात्रीच्या बऱ्याचशा हालचाली एकेक करून उलटल्या असत्या. ती आठवण विंडोज चालू असेपर्यंतच राहते. पुन्हा सुरू केलं की पुसली जाते. हे मला दुपारी कळलं.

दुकानात गर्दी होती. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तीन आठवड्यांवर, शिवाय पापड-बिबड्यांचे दिवस, म्हणजे उडीद डाळ आणि पापडखार मागणाऱ्या बाया सकाळपासूनच. आप्पांनी माळ्यावरून जुनं बिलबुक काढलं, कार्बन घातला आणि हाताने बिलं सुरू केली. मला एकच वाक्य बोलले, "तुले कोनी सांगं व्हतं रे?" आप्पा घरात अहिराणी बोलतातच, पण दुकानात गिऱ्हाइकांसमोर बोलले म्हणजे राग चढलाय.

आता मी तो मेसेज नीट वाचला. सॉफ्टवेअर स्वतःच सांगत होतं की मी अमुक जागी गेलो, तिथे तो रस्ताच नाही. ही जागा त्याला कुठून कळते हे शोधताना `.exe` च्या शेजारी `config.ini` सापडली. नोटपॅडमध्ये उघडली:

```
[PATH]
DATA=D:\BILLING\DATA2526
PREV=D:\BILLING\DATA2425
```

मला वाटलं, सुटलो. `DATA` च्या ओळीत `D:\BILLING\चालू वर्ष` लिहिलं, सेव्ह केलं, आयकॉन दाबला. आकडा तोच, ३०४४, पण रस्त्याच्या जागी आता `à¤šà¤¾à¤²` असली अक्षरं.

इथे मी मामेभावाला जळगावला फोन लावला. तो कॉम्प्युटर दुरुस्तीचंच काम करतो. स्क्रीनचा फोटो पाहून हसला आणि म्हणाला, "मराठी नाव दिलंस ना फोल्डरला?" त्याने सांगितलं ते असं. नवीन विंडोजला देवनागरी नाव चालतं, कारण ते युनिकोडमध्ये आहे. आमचं सॉफ्टवेअर युनिकोडच्या आधीच्या पद्धतीने लिहिलेलं, त्याला इंग्रजी आणि युरोपातल्या काही भाषांची मिळून अडीचशेच्या आसपास अक्षरं तेवढी कळतात. नोटपॅडने देवनागरीचं एकेक अक्षर तीन-तीन बाइटांत लिहिलं, आणि सॉफ्टवेअरने त्यातला प्रत्येक बाइट वेगळं अक्षर म्हणून वाचला. म्हणून 'च' चं `à¤š` झालं. ही सेटिंग बदलून सुधारत बसायची गोष्ट नाही. जुन्या सॉफ्टवेअरला देवनागरी रस्ता द्यायचाच नाही.

"आणि हे बघ," तो म्हणाला, "रस्ता बदलायला जाऊ नको. सॉफ्टवेअर जिथे शोधतंय तिथेच वस्तू ठेव."

`config.ini` पहिल्यासारखी केली. 'चालू वर्ष' चं नाव परत `DATA2526` केलं. आयकॉन दाबला. आकडा बदलला होता का? नाही, पुन्हा ३०४४, पण आता रस्ता `DATA2425` चा होता. भाऊ म्हणाला ही चांगली खूण आहे, पहिलं दार उघडलं, आता तो दुसऱ्या दारात उभा आहे. सॉफ्टवेअर सुरू होताना मागच्या वर्षाची शिल्लक उधारी उचलतं, म्हणून त्याला मागचं वर्षही लागतं. मी रिकामा `DATA2425` फोल्डर बनवला तेव्हा आकडा ३०२४ झाला, `Could not find file`. ३०४४ म्हणजे फोल्डरपर्यंतचा रस्ताच नाही, ३०२४ म्हणजे फोल्डर आहे पण फाइल नाही.

आणि फाइल कोणती द्यायची? माझ्यासमोर सहा होत्या. `BILL.MDB` आणि `(2)` पासून `(6)` पर्यंत. ते आकडे वर्षाचे नव्हते, मी ज्या क्रमाने टाकल्या त्या क्रमाचे होते, आणि मला क्रम आठवत नव्हता. कोणती फाइल कोणत्या वर्षाची हे फक्त फोल्डरच्या नावात लिहिलेलं होतं, आणि तेच मी पुसलं होतं.

बदलाच्या तारखेने लावलं तर `(4)` सगळ्यात नवी, ५ एप्रिलची. साहजिकच मागचं वर्ष हेच असणार. भावाने एक ताकीद दिली, मूळ फाइल कधी उघडायची नाही, तिची कॉपी उघडायची, कारण असली फाइल नुसती उघडून बंद केली तरी तिची तारीख बदलू शकते आणि मग तो धागाही हातचा जातो. मी सहाही फाइली पेन ड्राइव्हवर कॉपी केल्या, मग `(4)` ची एक कॉपी `BILL.MDB` नावाने `DATA2425` मध्ये ठेवली.

सॉफ्टवेअर उघडलं. एकही मेसेज नाही. शेवटचं बिल ४१२, म्हणजे आदल्या संध्याकाळचं. मी गल्ल्यावर जाऊन सांगितलं, झालं.

आप्पांनी उधारीची यादी उघडायला लावली. दुसऱ्याच नावावर बोट ठेवलं. डांगरीचे एक शेतकरी, बाकी ८,६४० रुपये. "यांनी कापूस विकला तेव्हाच सगळं मिटवलं. डिसेंबरला." खाली आणखी दोन नावं अशीच निघाली. यादी कुठल्या तरी आधीच्या मार्चची होती.

मग आठवलं. ५ एप्रिलला सी.ए.कडचा मुलगा एका व्यापाऱ्याचा जुना खाते-उतारा काढायला आला होता, त्याने २०२३-२४ उघडलं होतं. म्हणून त्या फाइलची तारीख सगळ्यात नवी. २०२४-२५ ला शेवटचा हात लागला होता ३१ मार्चच्या रात्री. चुकीचं वर्ष दिलं तरी सॉफ्टवेअर हसतमुखाने उघडलं, कारण त्याला हव्या त्या नावाची फाइल हव्या त्या जागी होती. आतलं वर्ष ते तपासतच नव्हतं. आप्पांच्या डोक्यातली उधारी नसती तर मी त्याच दिवशी पुढची बिलं करायला बसलो असतो.

यानंतर तारखेचा नाद सोडला. आप्पांनी फडताळातून वर्षवार बिलांचे गठ्ठे काढले. प्रत्येक गठ्ठ्यातलं शेवटचं, ३१ मार्चचं बिल वर घेतलं, आणि मी एकेक कॉपी जागेवर ठेवून शेवटच्या बिलाचा नंबर आणि रक्कम जुळवत गेलो. २०२४-२५ निघाली `(2)`. बाकीच्या पाचही लावून झाल्या तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते. सातही फोल्डर जुन्या नावांनी उभे केले.

सी.ए.ना मार्चची विक्री हवी होती, जीएसटीआर-१ ची मुदत ११ तारीख. ती १० ला संध्याकाळी पाठवली. हाताने केलेल्या ३७ बिलांचं काय करायचं तेही त्यांनाच विचारलं. त्यांनी सांगितलं, बिलाचा नंबर त्या आर्थिक वर्षात पुन्हा येता कामा नये, पण वेगळी मालिका चालते. म्हणून ती `H/1` पासून `H/37` अशी वेगळी चढवली. संगणकाची बिलं ४१३ पासून पुढे चालू राहिली.

आवरायची हौस शेवटी मी भागवलीच. आता `D:\BILLING` ला हात नाही, त्यातल्या फक्त पीडीएफ आणि एक्सेल बाहेर काढल्या. डेस्कटॉपवर 'दुकान' नावाचा फोल्डर आहे, आणि त्यात प्रत्येक वर्षाच्या फोल्डरचा शॉर्टकट, 'चालू वर्ष', 'मागचं वर्ष' अशा मराठी नावांनी. शॉर्टकटचं नाव काहीही असू दे, सॉफ्टवेअर तिकडे बघतच नाही.

त्या ३७ बिलांतलं एक अजून तसंच आहे. त्यावर आप्पांच्या अक्षरात 'जिजी, पापडखार' एवढंच लिहिलंय, रक्कम नाही. आप्पा म्हणतात जिजी यात्रेला येईल तेव्हा विचारू.