एकाच बिलाची दोन रूपं आणि बदललेलं खातं: पेमेंट सोडण्याआधीची तपासणी

पेमेंटची यादी बँकेत अपलोड होण्याआधी ती शेवटची माझ्या हातून जाते. आमचं अकाउंटिंग सॉफ्टवेअर एकाच पार्टीकडे तोच बिल नंबर दुसऱ्यांदा टाकू देत नाही, म्हणून डुप्लिकेटची काळजी नाही असं आमच्याकडे सगळे धरून चालत होते. पण सॉफ्टवेअर अक्षराला अक्षर जुळवतं. `KP/2291`, `KP-2291` आणि `KP 2291` ही त्याच्या लेखी तीन वेगळी बिलं. एकाने मेलवर आलेल्या पीडीएफवरून एंट्री केली, दुसऱ्याने मालाबरोबर आलेल्या कागदावरून, की झालं.

म्हणून मी यादी आणि मागच्या काही महिन्यांची बिलं एका शीटमध्ये एकत्र घेते. आधी बिल नंबरातली तिरकी रेघ, आडवी रेघ आणि मोकळी जागा काढून टाकते:

```
=UPPER(SUBSTITUTE(SUBSTITUTE(SUBSTITUTE(C2,"-",""),"/","")," ",""))
```

यातून नुसती लिहिण्यातली तफावत सापडते. शून्याच्या जागी इंग्रजी ओ पडलेला असतो किंवा नंबराच्या शेवटी एखादं अक्षर चिकटलेलं असतं, ते यात निसटतं. त्यासाठी दुसरी चाळणी आहे. तिच्यात नंबर बघायचाच नाही. पार्टी तीच, रक्कम तीच आणि तारखा ४५ दिवसांच्या आत, एवढंच बघायचं:

```
=COUNTIFS(A:A,A2,E:E,E2,D:D,">="&D2-45,D:D,"<="&D2+45)>1
```

ए मध्ये पार्टीचा कोड, डी मध्ये बिलाची तारीख, ई मध्ये रक्कम. या चाळणीत भाडं, देखभालीचा करार, ठरलेल्या हप्त्याची बिलं अशी निर्दोष मंडळी दर वेळी अडकतातच. त्यांना बाजूला काढायला मी मालाची पावती बघते. दोन बिलं खरी असतील तर माल दोनदा आलेला असतो, किंवा सेवेचे महिने वेगळे असतात. पावती एक आणि बिलं दोन असतील, तर दोन्ही पेमेंट थांबतात. संशयास्पद वाटतं तेवढंच थांबवून चालत नाही, कारण खरं बिल कोणतं हे त्या क्षणी ठाऊक नसतं.

अशाच एका यादीत पॅकिंगचं सामान पुरवणाऱ्या आमच्या जुन्या पार्टीची दोन बिलं एकाखाली एक आली. `KP/2291` आणि `KP/2291-R`, दोन्हींची रक्कम ४,८६,२५० आणि माल पावती एकच. दुसरं बिल ‘सुधारित’ म्हणून मेलने आलं होतं. मेलमध्ये लिहिलं होतं की आमच्या खात्याचं ऑडिट सुरू आहे, तेव्हा या बिलापासून पैसे खाली दिलेल्या नव्या खात्यात पाठवावेत. एंट्री करणाऱ्याने शेवटच्या ‘आर’सकट नंबर घातला, सॉफ्टवेअरने तो नवा समजून घेतला आणि पार्टीच्या मास्टरमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या तिच्या कायमच्या नोंदीत, खातं बदलण्याची विनंतीही पुढे गेली.

दोन्ही पीडीएफ शेजारी शेजारी उघडल्या. मालाच्या ओळी, कराची रक्कम, इतकंच काय, सहीच्या शिक्क्याचा तिरकेपणाही तोच. फरक फक्त तळाच्या बँकेच्या चौकटीत होता. तिथले अंक बाकीच्या बिलातल्या अंकांपेक्षा किंचित जाड होते आणि खाते क्रमांकाची ओळ वरच्या ओळीच्या रेषेत नव्हती. फाइलची माहिती उघडली तर मूळ बिल त्यांच्या बिलिंग सॉफ्टवेअरमधून निघालेलं, आणि सुधारित बिल पीडीएफ संपादित करायच्या एका टूलमधून. हा काही पुरावा नव्हे, लोक कागद स्कॅन करून, जोडून, छोटा करूनही पाठवतात. पण ज्याने बिल ‘सुधारलं’ त्याने रक्कम, माल, तारीख काहीच न सुधारता फक्त खातं सुधारावं, हे माझ्या पचनी पडेना.

मेलचा पत्ता मात्र अस्सल होता. अशा वेळी आपण पत्त्यातलं एखादं अक्षर बदललंय का ते शोधतो. इथे तसं काही नव्हतं, उलट आमच्या जुन्या पत्रव्यवहाराच्याच साखळीत हे उत्तर आलेलं होतं. पार्टीचा मेलबॉक्सच कुणाच्या ताब्यात गेला असेल, तर पत्ता तपासून काहीच हाती लागत नाही. त्याच मेलला ‘खातं खरंच बदललं का?’ असं उलट विचारलं, तर चोरच ‘हो’ म्हणून कळवणार.

म्हणून फोन. आमचा नियम असा की मेलमधला किंवा बिलावरचा नंबर लावायचा नाही, मास्टरमधला लावायचा. मास्टर उघडला तर त्यातला नंबर आणि मेलच्या तळाचा नंबर एकच. एखाद्याला इथे हायसं वाटलं असतं. मी मास्टरमधल्या बदलांची नोंद काढली, तर तो फोन नंबर जेमतेम पंधरवड्यापूर्वीच बदललेला होता. ‘ऑफिसचा नंबर बदलला आहे, कृपया नोंद घ्यावी’ असा साधा मेल आला होता. फोन नंबर बदलायला तेव्हा कुणाचीच मंजुरी लागत नसे, म्हणून तो तिथल्या तिथे बदललाही गेला. आधी फोन बदलायचा, मग खातं बदलायचं, म्हणजे खात्री करणारा माणूस थेट चोराच्याच हातात. या प्रकरणातली सगळ्यात हुशारीची चाल हीच होती.

बदलाच्या नोंदीतला जुना नंबर लावला. त्यांच्याकडे हिशेब बघणाऱ्या बाईंनीच उचलला. मी नवं खातं वाचून दाखवत नाही. तसं केलं की समोरचा घाईत असला तर ‘हो हो’ म्हणून मोकळा होतो. मी म्हटलं, “तुमचं पेमेंट सोडायचंय, कुठल्या खात्यात घेताय ते जरा सांगा ना.”

“अहो मॅडम, नेहमीचंच की. शेवटी ४०१७. का हो, काही अडचण आहे का?”

“बावीसशे एक्याण्णवचं सुधारित बिल पाठवलंत का तुम्ही?”

“सुधारित? नाही बाई. ते बिल तर एकदाच गेलंय.”

नंतर त्यांच्या आयटीवाल्याला मेलबॉक्समध्ये एक रूल सापडला. आमच्या पत्त्यावरून येणारा प्रत्येक मेल तो वाचलेला म्हणून खूण करून एका अडगळीच्या फोल्डरमध्ये टाकत होता. आमचे मेल त्या बाईंना दिसतच नव्हते. मूळ बिलाचे पैसे आम्ही जुन्या खात्यात सोडले, दुसरी एंट्री रद्द केली आणि नव्या खात्याचा तपशील आमच्या बँकेला कळवला.

यानंतर मी तपासणीत एक भर घातली, आणि माझ्या मते तीच सगळ्यात कामाची आहे. पेमेंट फाइलमधलं खातं मास्टरशी ताडून बघण्यात अर्थ नसतो, कारण फाइल मास्टरमधूनच बनते. ती दोन्ही जुळणारच. ताडायचं असतं ते त्या पार्टीला मागचे पैसे ज्या खात्यात प्रत्यक्ष गेले, त्याच्याशी. मागच्या पेमेंट फाइलींमधून प्रत्येक पार्टीचं शेवटचं खातं मी एका रकान्यात ठेवते आणि आजच्या खात्याशी `EXACT` लावून बघते. याने आतल्या माणसाची लबाडीही दिसते. पेमेंटच्या आदल्या संध्याकाळी खातं बदलायचं आणि पैसे गेले की परत पूर्ववत करायचं, असं कुणी केलं तर नंतर मास्टर बघणाऱ्याला काहीच वावगं दिसत नाही. शेवटच्या पेमेंटशी ताडणाऱ्याला दिसतं.

इथे एक्सेलचा एक दगा सांगून ठेवते. खाते क्रमांक अंक म्हणून आत आला तर पुढची शून्यं उडतात, आणि पंधराव्या अंकानंतरचे सगळे अंक शून्य होऊन बसतात. रकाना टेक्स्ट केला तरी `COUNTIF` आणि `COUNTIFS` लांब क्रमांकांना आकडा समजून पहिले पंधरा अंकच बघतात. शेवटचे अंक वेगळे असलेली दोन खाती त्यांना एकच वाटतात. आपल्याला तर नेमका तोच फरक हवा असतो. म्हणून फाइल उघडतानाच तो रकाना टेक्स्ट म्हणून घ्यायचा आणि खात्यांची तुलना `EXACT` ने करायची.

मंजुरीचे नियमही बदलून घेतले. फोन, मेल आणि पत्ता यांतला बदल आता खात्याच्या बदलाइतकाच जड मानला जातो. विनंती एकाने नोंदवायची, जुन्या नंबरावर फोन दुसऱ्याने करायचा. फोन कुणी केला, कुणाशी बोलणं झालं, नंबर कुठून घेतला हे विनंतीवरच लिहायचं. ‘फोनवर खात्री केली’ एवढं मोघम लिहिलेलं मी परत पाठवते. खरेदी विभाग यावर कुरकुरतो, आणि महिनाअखेरीस तर जरा जास्तच.

बँकेकडून खातेदाराचं नाव जुळवून मिळतं, मग हा खटाटोप कशाला, असं मला विचारलं गेलं. ब्रिटनमध्ये २०२० पासून अशी सोय आहे आणि युरो वापरणाऱ्या देशांत ऑक्टोबर २०२५ पासून ती बँकांवर बंधनकारक झाली. सोय चांगलीच आहे. आमच्या प्रकरणातलं खातं एका अनोळखी नावावर होतं, ते तिथेच अडलं असतं. पण २०१३ ते २०१५ या काळात लिथुआनियाच्या एका माणसाने गुगल आणि फेसबुककडून खोट्या बिलांवर १० कोटी डॉलरहून जास्त रक्कम काढली, ती त्यांच्या खऱ्याखुऱ्या पुरवठादाराच्या नावाचीच कंपनी लॅटव्हियात नोंदवून आणि त्या नावाने खाती उघडून. तिथे नाव तंतोतंत जुळलं असतं.

नव्या पार्टीच्या बाबतीत माझी ही पद्धत तोकडी पडते, कारण तिथे जुनं पेमेंटही नसतं आणि जुना नंबरही नसतो. काही जण आधी किरकोळ रक्कम पाठवून बघतात. ती पोचली तर खातं चालू आहे एवढंच कळतं, कुणाचं आहे ते कळत नाही. त्यामुळे अशा पार्टीचा फोन नंबर मी बिलावरून घेत नाही. सरकारी नोंदणीत किंवा त्यांच्या अधिकृत वेबसाइटवर दिलेला नंबर शोधते, त्यावर फोन करते आणि खरेदीची बोलणी ज्यांच्याशी झाली त्यांना जोडून द्यायला सांगते. त्यांनी स्वतःहून सांगितलेलं खातं बिलावरच्या खात्याशी जुळलं नाही, तर बिल खरेदी विभागाकडे परत जातं.