दोऱ्यात ओवलेली अंडी आणि काळे बेडूकमासे

*तळ्याच्या पाण्याचे फोटो पाठवतोय. ही अंडी बेडकाचीच आहेत का? आणि यातून कुठला बेडूक होणार?*

पहिल्या फोटोत पाणवनस्पतीला गुंडाळलेली चिकट दोरी दिसते, आत काळे ठिपके दोन ओळींत. ही भेकाची अंडी, म्हणजे अंगावर चामखिळींसारखे उंचवटे असतात त्या बेडकाची. दोरी ताणली गेली की दोन ओळींची एकच दिसते, तेव्हा ओळींच्या संख्येपेक्षा दोरीचा आकार महत्त्वाचा. इतर बरेच बेडूक अंड्यांचा गोळा घालतात, काही पाण्यावर पातळ थर पसरतात, तर काही फेसाचं घरटं करतात.

अंड्यांच्या आकारमानावरून मात्र अंदाज बांधू नका. भोवतीचा जेलीसारखा थर पाणी शोषून फुगतो, त्यामुळे नुकतीच घातलेली अंडी दुसऱ्या दिवशी कितीतरी मोठी वाटतात. पांढरं अंडं मेलेलंच असेल असंही नाही. बहुतेक काळ्या अंड्यांची खालची बाजू फिकट असते आणि फोटो खालून घेतला की तीच दिसते. कापसासारखे तंतू फुटलेलं अंडं मात्र बुरशीनं गेलेलं समजा. आणि पारदर्शक गोळ्यात फक्त बारीक फिकट ठिपके असतील, तर तो बहुधा गोगलगायीचा असतो. ही चूक सर्रास होते.

तुमचा दुसरा फोटो जास्त बोलका आहे. बेडूकमासे काळेभोर, छोटे, दाटीनं एकत्र; डोळे डोक्याच्या वरच्या बाजूला आणि शेपटीचा पडदा बुटका. दोरीशी हे जुळतं. डोळे अगदी कडेला, अंग काचेसारखं आणि पाण्यात मधोमध स्थिर तरंगणारा जीव असता, तर अरुंद तोंडाच्या बेडकांचा विचार केला असता. त्यांच्या बहुतेक पिल्लांच्या तोंडात काळी चोच आणि दातांच्या ओळी नसतात. भेकाच्या पिल्लांत त्या असतात, साधारणपणे वर दोन ओळी, खाली तीन.

म्हणजे गट ठरला, जात नाही. एकाच तळ्यातल्या दोन प्रकारच्या भेकांची पिल्लं फोटोत सारखीच दिसू शकतात. पुढे जायचं तर एक पिल्लू थोड्या तळ्याच्याच पाण्यासह अरुंद काचेच्या भांड्यात घ्या. बाजूने, वरून आणि खालून असे तीन फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवा, फ्लॅश बंद. तोंडाचा फोटो भिंगातून. काम झालं की त्याच तळ्यात सोडा.

मागचे पाय आधी फुटतात, पुढचे शेवटी. पण चारही पाय आले तरी घाई नको: नुकत्याच बाहेर पडलेल्या भेकाच्या डोळ्यांमागची ग्रंथी नीट दिसत नाही आणि ओळख पटवायला नेमकी तीच लागते. त्यापेक्षा अंडी दिसली त्या आठवड्यात रात्री तळ्याकाठी कोण ओरडत होतं, याचं मोबाइलवरचं ध्वनिमुद्रण असेल तर ते पाठवा.