ट्रान्सपोर्ट ऑफिससाठी चॅट बनवताना: मेसेजचा क्रम, हिरवा ठिपका आणि जुना रेकॉर्ड (माझा अनुभव)

इंदूरला देवास नाक्याजवळ एका ट्रान्सपोर्टवाल्यांचं ऑफिस आहे, मराठी घर आहे, त्यांच्यासाठी मी ऑफिस आणि ड्रायव्हर लोकांमधलं चॅट बनवलं. त्यांच्या गाड्या एबी रोडने सेंधवा, धुळे करत नाशिकला जातात आणि बरेच ड्रायव्हर खानदेशातले. आधी कुणीतरी करून दिलेलं एक ऍप होतं, ते बंद करायचं ठरलं. ऑफिस सांभाळणाऱ्या काकांनी कारण एकाच वाक्यात सांगितलं, "अरे त्यात उत्तर कुठल्या प्रश्नाचं आहे तेच कळत नाही."

मी जुना डेटा उघडून बघितला तर ते ऍप मेसेज ड्रायव्हरच्या फोनमधल्या घड्याळाने लावत होतं. एक प्रकार सांगतो. ड्रायव्हरने विचारलं, "धुळ्याला अर्धा माल उतरवू का?", तेव्हा खरे वाजले होते ४:०५. ऑफिसने ४:०७ ला लिहिलं "नको". ४:०८ ला त्याने बिल्टीचं, म्हणजे मालाच्या पावतीचं, विचारलं, "बिल्टी पार्टीला देऊ का?" आणि ४:०९ ला ऑफिसचं "हो". आता त्या ड्रायव्हरचा फोन फक्त तीन मिनिटं पुढे होता, म्हणजे त्याचे दोन्ही प्रश्न ४:०८ आणि ४:११ असे नोंदले गेले. वेळेप्रमाणे लावलं की वरून खाली दिसतं: नको, अर्धा माल उतरवू का, हो, बिल्टी देऊ का. अर्धा माल उतरवायला चक्क ऑफिसने होकार दिलाय असं रेकॉर्ड तयार! पुढे पार्टीशी वाद झाला की हेच दाखवलं जाणार.

म्हणून पहिला नियम हा केला की फोनची वेळ फक्त दाखवायला, क्रम ठरवायला नाही. क्रम सर्व्हर देणार आणि तो प्रत्येक चॅटचा वेगळा, १, २, ३ असा. सगळ्या सिस्टमला मिळून एकच नंबर कशाला हवा, नाशिकच्या गाडीचा मेसेज आधी की उज्जैनच्या गाडीचा हे कुणी विचारतच नाही, आणि सगळ्यांना एका रांगेत उभं केलं तर उगाच सगळं हळू होतं.

डेटाबेस पोस्टग्रेस आहे. त्यात आपोआप पुढचा नंबर देणारा तयार सीक्वेन्स मिळतो, पण तो मी इथे घेतला नाही, कारण ट्रान्झॅक्शन फेल झालं तरी त्याचा वापरलेला नंबर परत येत नाही, मध्ये भोक पडतं. आणि दुसरं त्याहून वाईट, ४३ नंबरचं ट्रान्झॅक्शन ४२ च्या आधी पूर्ण होऊ शकतं, मग "४३ नंतरचे द्या" म्हणणाऱ्या फोनला ४२ कधी दिसतच नाही. त्यापेक्षा चॅटच्या ओळीतच काउंटर ठेवला:

```sql
UPDATE chats SET last_seq = last_seq + 1
WHERE id = $1 RETURNING last_seq;
```

आणि त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये मेसेज इन्सर्ट. ओळ लॉक होते त्यामुळे त्या चॅटमध्ये एका वेळी एकच मेसेज नंबर घेतो, आणि काही फसलं तर काउंटरसुद्धा मागे जातो. हजारो जण एकाच ग्रुपमध्ये धडाधड लिहीत असतील तर हा लॉक अडेल, पण इथे एका चॅटमध्ये एक गाडी आणि ऑफिसचे तीन-चार लोक, काही प्रश्नच नाही.

भोक नसण्याचा खरा फायदा फोनमध्ये होतो. फोनकडे ४१ पर्यंत आहे आणि एकदम ४३ आला तर त्याला खात्रीने कळतं की ४२ राहिलाय, तो मागून घेतो. भोकं पडत असती तर हरवलेला नंबर आणि मुळात नसलेला नंबर यात फरकच करता आला नसता.

आता सेंधव्याजवळचा बिजासन घाट. तिथे रेंज जाते. फोन मेसेज पाठवतो, सर्व्हरकडे पोचतो, पण पोचपावती यायच्या आत नेट गेलं, मग फोन परत पाठवतो आणि एकाच मेसेजचे दोन होतात. यासाठी लिहितानाच फोन मेसेजला स्वतःचा एक युनिक आयडी देतो आणि टेबलवर (chat_id, client_id) असं युनिक बंधन आहे. तोच आयडी दुसऱ्यांदा आला की इन्सर्ट अडतं, सगळं रोलबॅक होतं आणि सर्व्हर आधीचाच नंबर परत देतो.

पण सर्व्हरचा क्रम बरोबर असूनही एक गोष्ट त्याला दिसत नाही. ड्रायव्हर घाटात असताना "ठीक आहे" लिहितो, ते फोनमध्ये अडकून राहतं, तोवर ऑफिस लिहितं "रस्ता बदल, शिरपूरला थांब". रेंज आल्यावर त्याचं "ठीक आहे" याच्या खाली येऊन बसतं आणि ऑफिसला वाटतं त्याने ऐकलं. संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्टने १९७८ च्या पेपरात हाच मुद्दा मांडला होता, की घड्याळापेक्षा कुणाला काय कळल्यानंतर काय घडलं हे महत्त्वाचं. म्हणून प्रत्येक मेसेजबरोबर फोन हेही पाठवतो की लिहिताना मी कितव्या नंबरपर्यंत पाहिलं होतं, आणि मध्ये काही न पाहिलेलं असेल तर ऑफिसच्या स्क्रीनवर त्या मेसेजखाली "आधीचे २ मेसेज पाहण्यापूर्वी लिहिलं" असं येतं. माझ्या मते अख्ख्या चॅटमधली सगळ्यात कामाची ओळ हीच.

हिरव्या ठिपक्याचं, म्हणजे ऑनलाइन कोण ते दाखवायचं, गणित वेगळं. रेंज अचानक गेली की कनेक्शन नीट बंद होत नाही, सर्व्हरला कितीतरी वेळ वाटत राहतं की समोरचा आहेच. म्हणून फोन दर २० सेकंदांनी एक छोटा सिग्नल पाठवतो आणि सर्व्हर रेडिस या मेमरीत चालणाऱ्या डेटाबेसमध्ये असं लिहितो:

```
SET online:<user>:<device> 1 EX 60
```

६० सेकंदांत नवा सिग्नल आला नाही की ती नोंद आपोआप जाते. २० ला ६० अशासाठी की एखादा सिग्नल हुकला तरी ठिपका लुकलुकत बसू नये. ही माहिती मुख्य डेटाबेसमध्ये अजिबात लिहायची नाही, दर २० सेकंदाला शिळी होणारी गोष्ट तिथे कशाला.

काकांना मी स्पष्ट सांगितलं की ठिपका हिरवा असला तरी माणूस वाचतोय असं नाही, आणि ठिपका नसला तरी मेसेज पोचलेला असू शकतो, कारण ऍप मागे गेलं की फोन ते झोपवून टाकतो. त्यांना खरं हवं होतं ते "पोचला का, वाचला का". तेही त्याच नंबरवर झालं, प्रत्येक माणसामागे दोनच आकडे, कितीपर्यंत पोचलं आणि कितीपर्यंत वाचलं. प्रत्येक मेसेजवर वेगळी खूण ठेवायची गरजच पडत नाही.

जुन्या मेसेजचं काम त्यामुळे सोपं झालं. प्रायमरी की (chat_id, seq), आणि वर सरकवलं की `seq < $2` वाले नवीनकडून जुन्याकडे ५० आणायचे. OFFSET वापरला असता तर जितकं मागे जावं तितक्या ओळी मोजून टाकून द्याव्या लागल्या असत्या. महिन्याप्रमाणे टेबल तोडायचा विचार होता पण पोस्टग्रेसमध्ये पार्टिशन केलेल्या टेबलवर युनिक बंधनात पार्टिशनचा कॉलम असावाच लागतो, म्हणजे ३१ तारखेला रात्री पाठवलेला आणि १ तारखेला परत आलेला मेसेज डबल होऊ शकला असता. म्हणून chat_id च्या हॅशवर तोडलं. डिस्कॉर्डने कॅसँड्रावर चॅनल आणि १० दिवसांचा काळ मिळून तुकडे केले होते, ते त्यांच्या पसाऱ्याला बरोबर, इथे तेवढं लागत नाही.

बिल्टीचे फोटो टेबलमध्ये नाहीत, वेगळ्या फाइल स्टोरेजमध्ये आहेत, मेसेजमध्ये फक्त पत्ता. आणि वाद निघाला की काका तारीख सांगतात, म्हणून एक छोटं टेबल आहे, चॅट, तारीख आणि त्या दिवसाचा पहिला नंबर, तिथून थेट उडी. ही तारीख सर्व्हरची आहे, फोनची नाही.